रात्री सव्वाअकराच्या ‘अर्जंट’ला उत्तर देण्याचा विधी

सदर मार्गदर्शन उचगाव, सुळगा, तुरमुरी भागातल्या अशा नोकरदारांसाठी आहे, जे सकाळी उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये डिस्पॅच बघायला जातात, सहाला सुटतात आणि जेवून अंथरुणाला पाठ टेकली की ज्यांच्या मोबाइलवर साहेबांचं एक प्रश्नचिन्ह उमटतं. नुसतं प्रश्नचिन्ह. मूळ प्रश्न दहा मिनिटांपूर्वीच येऊन गेलेला असतो. हे त्याचं स्मरणपत्र.

विधीचा पहिला नियम: मेसेज उघडू नये, वरच्या पट्टीत दिसेल तेवढाच वाचावा. उघडला की निळी खूण होते, आणि निळी खूण झाल्यावर मौन पाळणं हे मौन न राहता उद्धटपणा ठरतो. निळी खूण बंद करून ठेवल्याचा अभिमान असलेल्यांनी लक्षात घ्यावं की ग्रुपमध्ये ती बंद होत नाही. म्हणूनच साहेब व्यक्तिगत विचारायचं सोडून ‘डिस्पॅच अर्जंट’ ग्रुपवर विचारतात आणि कुणी कुणी वाचलं याची यादी शांतपणे उघडून बघतात.

दुसरा नियम सबबींविषयी. ‘रेंज नव्हती सर’ ही सबब एके काळी आपल्या भागात राजमान्य होती. आता टिकत नाही. ‘लाइट गेलेली’ म्हणावं तर साहेब टिळकवाडीत राहतात आणि त्यांनाही वीज हेस्कॉमचीच आहे. मळेकरणी देवीच्या जेवणाला गेलो होतो म्हणावं, तर ते मंगळवारी किंवा शुक्रवारी खपतं. बुधवारी म्हटलं की पकडले गेलात. पण सबबीचा खरा दोष वेगळाच आहे. सबब सांगितली की आपण कबूल करून बसतो की रात्री सव्वाअकराला उत्तर देणं आपलं कामच होतं, फक्त आज जमलं नाही. उद्या रेंज असणार, तेव्हा उद्या द्यावं लागणार. त्यामुळे का उत्तर दिलं नाही हे सांगूच नये. उत्तर कधी मिळेल तेवढं सांगावं.

आता मुख्य भाग, परीक्षण. रात्रीचा प्रत्येक मेसेज खोटा नसतो, आणि डिस्पॅचवाल्याला हे इतरांपेक्षा जास्त कळतं. समजा, सोमवारी दुपारी कास्टिंग भरून गाडी चाकणला निघाली. पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. त्याच्या ‘पार्ट बी’मध्ये गाडीचा नंबर असतो. संकेश्वरच्या पुढं गाडी बंद पडली, ट्रान्सपोर्टवाल्यानं माल दुसऱ्या गाडीत भरला, नंबर बदलला, बिलावर मात्र जुनाच राहिला. कोगनोळीच्या अलीकडं-पलीकडं कुठं तपासणी झाली तर गाडी अडते आणि दंड कराच्या दुप्पट बसू शकतो. हा मेसेज खरा. याला उठावं, पार्ट बी बदलावा, मग झोपावं.

याउलट ‘बिलाची मुदत संपत आली’ हा मेसेज अर्धाच खरा असतो. दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं चाकणच्या वाटेला दोन दिवस मिळतात आणि सोमवारचं बिल बुधवारी मध्यरात्री संपतं. पण मुदत संपण्याआधी आठ तास आणि संपल्यावरही आठ तास मुदतवाढ मागता येते. गाडी ढाब्यावर उभी असेल तर सकाळी सातला उठून केलेली मुदतवाढही चालते. गाडी रस्त्यावर धावत असेल तर मात्र आत्ताच करावी. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: गाडी उभी आहे की चालू?

आणि ‘सोमवारच्या रिव्ह्यूसाठी रिजेक्शनचा आकडा पाहिजे’ हा मेसेज शुक्रवारी रात्री आला तर त्याला मेसेज न म्हणता साहेबांना झोप न येणं म्हणावं. त्यावर औषध आहे, पण ते आपल्याकडं नाही.

जाणकार हा विधी रात्री करतच नाहीत, संध्याकाळी पावणेसहाला उरकतात. ई-वे बिल करतानाच ट्रान्सपोर्टरचा आयडी भरला तर गाडी बदलल्यावर पार्ट बी तो स्वतः बदलू शकतो. त्यासाठी उचगावात कुणाला उठवावं लागत नाही. मग गाडी नंबर, बिल नंबर, मुदत कधीपर्यंत आणि ड्रायव्हरचा मोबाइल अशा चार ओळी ग्रुपवर टाकून घरी यावं. रात्रीचे निम्मे प्रश्न माहिती नसल्यामुळे येतात. उरलेले निम्मे सवयीमुळे, आणि ती सवय आपणच लावलेली असते. चार वेळा गप्प राहून पाचव्यांदा सव्वाअकराला उत्तर दिलं तर साहेब एवढंच शिकतात की पाच वेळा विचारावं.

सीमा आखण्याची घोषणा रात्री करू नये. रात्री तीच वाक्यं भांडण वाटतात. दुपारच्या चहाला, कप साहेबांच्या हातात असताना, सहज म्हणावं: ‘सर, सहानंतरचे मेसेज मी सकाळी नऊला बघतो. गाडी अडली किंवा लाइन थांबली तर सरळ कॉल करा, दोनदा करा.’ दोनदा का, तर अँड्रॉइडच्या डू नॉट डिस्टर्बमध्ये Repeat callers चालू ठेवलं की त्याच नंबरवरून १५ मिनिटांत आलेला दुसरा कॉल वाजतो. हे दार उघडं ठेवल्याशिवाय सीमा आखू नये. दार नसलेल्या भिंतीला लोक लाथा घालतात.

त्यानंतरच्या पहिल्या रात्री मेसेज येईल. येणारच, परीक्षा असते. रात्री काहीही लिहू नये. सकाळी नऊला लिहावं: ‘सर, मेसेज बघितला. रिजेक्शनचा आकडा साडेदहापर्यंत देतो.’ ‘सॉरी’ नको, ‘झोप लागली’ नको, हात जोडलेली इमोजी तर नकोच. आणि साडेदहाला आकडा गेलाच पाहिजे. तो पावणेअकराला गेला तर रात्रीच्या मौनासकट सगळं आळसाच्या खात्यात जमा होतं.

कायद्याचा आधार कुणी विचारील. फ्रान्समध्ये कामानंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून आहे. आपल्याकडं बारामतीच्या सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी लोकसभेत २०१८ मध्ये विधेयक मांडलं आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. पण ते खासगी विधेयक, आणि १९७० नंतर असं एकही मंजूर झालेलं नाही. कारखान्यांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४८ च्या कायद्यातच होती, मात्र देखरेखीच्या पदांना त्यातून वगळायची मुभाही सोबत होती. आपल्याला गेल्या दिवाळीत पगारवाढीऐवजी ‘असिस्टंट मॅनेजर’ हे पद का मिळालं, ते इथं उलगडतं. साहेब फारच चिडले तर नम्रपणे आठवण करून द्यावी की आपला सीमाभाग १९५६ पासून एका उत्तराची वाट बघतोय आणि २००४ चा दावा अजून सर्वोच्च न्यायालयात आहे. रिजेक्शनचा आकडा साडेदहापर्यंत थांबू शकतो.

दोन ठिकाणी हा विधी चालत नाही. प्रोबेशनवर असाल तर आधी कायम व्हा. आणि रात्रपाळीची जबाबदारी पाळीपाळीनं वाटून घेतलेली असेल, तर आपल्या आठवड्यात आपण उठायचं, कुरकुर न करता.

शेवटचा धोका गावचा आहे. साहेबांचा मावसभाऊ निघतो आपल्या गल्लीतला. मोबाइल शांत दिसला की साडेअकराला त्याच्यामार्फत आईचा फोन वाजतो, ‘काकू, जरा पोराला उठवा की.’ तेव्हा घरातल्यांनाही आधीच पढवून ठेवावं. आईनं एवढंच विचारायचं: ‘गाडी कुठं अडलीया काय?’ तिकडून ‘नाही हो, ते रिजेक्शनचं...’ असं आलं, की ‘मग झोपू दे त्याला, आणि तूही झोप रे बाळा’ म्हणून फोन ठेवायचा.