पाकिटाची पाठ

नाचणीशी माझं वैर लहानपणापासूनचं. आजोळी सकाळी आंबिल असायची आणि ती पिताना मी जे चेहरे करायचो त्यांच्या नकला अजून लग्नकार्यात होतात. त्यामुळे डॉक्टरांनी साखर काठावर असल्याचं सांगून "नाचणी, ज्वारी असं काही खात जा" म्हटल्यावर मी एक सुवर्णमध्य काढला. नाचणीची बिस्किटं. पाकिटावर नाचणीचं टपोरं कणीस, शेजारी सांडलेले चार-पाच बदाम, मागे हिरवंगार शेत. दोन कप चहाबरोबर अर्धा पुडा संपवायचा आणि वर "पथ्य चालू आहे" म्हणायचं, असा माझा दिनक्रम बसला. नाचणी इतकी चविष्ट लागू शकते हे आजीला कसं कळलं नाही, याचं मला वाईट वाटायचं.

हे सुख मामींनी घालवलं. मामी आमच्या गावी चकली, शेव, कडबोळी करून विकतात. पाकिटावरचा मजकूर छापखान्यात स्वतः उभं राहून करून घेतात. त्या घरी आल्या, त्यांच्यापुढे मी पथ्याची बशी सरकवली. त्यांनी बिस्किटाला हात लावण्याआधी पुडा उचलला, उलटा केला आणि चष्मा वर करून मागचं बारीक अक्षर वाचलं. "मैद्याची आहेत," एवढं म्हणून त्यांनी ते चहात बुडवलं.

"मामी, पुढे नाचणी लिहिलंय."

"पुढे कोणीही काहीही लिहितं रे. मागे क्रमानं लिहावं लागतं."

क्रम म्हणजे वजनाचा उतरता क्रम. जे सगळ्यात जास्त घातलं ते पहिलं, मग त्याहून कमी, मग त्याहून कमी. ही कुणाच्या मर्जीची गोष्ट नाही, आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंगच्या नियमांतच तसं आहे. माझ्या पथ्याचा क्रम होता: मैदा, साखर, खाद्य वनस्पती तेल (पाम), नाचणीचं पीठ ८%, इन्व्हर्ट सिरप, दुधाची पावडर, पीठ फुगवणारे घटक, मीठ, बदाम ०.३%. नाचणी चौथी. शाळेत चौथा नंबर आला तर पेढे वाटतात, पण इथे हिशेब वेगळा आहे. चौथ्या नंबरचा घटक काही झालं तरी शंभरात पंचवीसच्या वर जाऊच शकत नाही, कारण त्याच्या डोक्यावर बसलेले तिघं प्रत्येकी किमान त्याच्याएवढे तरी असतात. हे टक्के न छापता कळतं. इथे तर छापलेही होते. ज्या घटकाचं नाव किंवा चित्र पुढे मिरवलं जातं त्याची टक्केवारी द्यावी लागते, म्हणून नाचणी आणि बदाम यांच्यापुढे आकडे होते आणि मैद्यापुढे नव्हता. मैद्याचं चित्र कोण काढणार?

मामी गेल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. शेजारच्या पोषणाच्या चौकटीत दर शंभर ग्रॅममागे वरून घातलेली साखर २४ ग्रॅम आणि एकूण स्निग्ध पदार्थ १९ ग्रॅम होते. दूध-बदामाचा वाटा ग्रॅमभर सोडला तर तेल अठराच्या आसपास. साखरेच्या चोविसात सिरपही आलं, कारण ते साखरेचंच दुसरं सोंग. पण यादीत साखर तेलाच्या वर आहे, म्हणजे नुसती साखरच किमान अठरा. नाचणी आठ. दूध, मीठ, सोडा वगैरे किरकोळ मंडळींना पाच दिले. चोवीस, अठरा, आठ, पाच मिळून पंचावन्न झाले. उरलेले पंचेचाळीस कोणाचे, हे विचारायला नको. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, कारण यादी मिश्रण करतानाच्या वजनाची असते आणि चौकट भाजून झालेल्या बिस्किटाची. पण त्या इकडेतिकडेत नाचणी काही चौथ्यावरून पहिली येत नाही. माझा पुडा पंचाहत्तर ग्रॅमचा. त्यात नाचणी सहा ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे. साखर आणि तेल मिळून तीस ग्रॅमच्या वर. आजीच्या आंबिलीच्या एका वाटीतल्या नाचणीसाठी मला असे चार-पाच पुडे खावे लागले असते, आणि खरं सांगायचं तर माझी तयारी होती.

बदामाचा हिशेब मी हिला मोठ्यानं वाचून दाखवला. बदाम यादीत मिठाच्याही खाली होता. मीठ किती, हेही चौकटीतूनच निघतं. सोडियम ३२० मिलिग्रॅम लिहिलं होतं, त्याला अडीचनं गुणलं की मिठाचा आकडा येतो, शंभरात पाऊण ग्रॅमच्या जरासा वर. सोड्यातही सोडियम असतं, म्हणजे मीठ प्रत्यक्षात त्याहून कमीच. म्हणून मीठ ही एक सोयीची रेघ आहे. तिच्या खाली जे काही छापलं असेल, मग ते केशर असो, तुळस असो की अश्वगंधा, ते चिमूटभर असतं. माझ्या पुड्यात बदाम ०.३ टक्के, म्हणजे पाव ग्रॅमही नाही. एक बदाम साधारण ग्रॅमभराचा. पुढच्या चित्रातले बदाम प्रत्यक्षात जमवायचे तर मला पुड्यांचं खोकं लागलं असतं.

"म्हणजे आता बिस्किटं बंद?" हिने विचारलं. मी विषय बदलला.

खाणं सुटलं नाही, पण विद्या चढली. नवशिक्या ज्योतिषी भेटेल त्याचा तळहात ओढून घेतो तसा मी दिसेल त्या पाकिटाची पाठ वाचू लागलो. किराणा दुकानात माझ्यामागे रांग अडायची. कोणाकडे गेलो की पुढ्यात आलेल्या फराळाचं रिकामं पाकीट मागायचो. लोक आधी कौतुक करायचे, मग बशीत उघडाच माल आणायला लागले.

घात झाला तो काकांच्या घरी. काकांना मधुमेह. त्यांच्यापुढे मसाला शेवेचं पाकीट होतं आणि मी ते हातातून काढून घेतलं. यादी अशी: बेसन, पाम तेल, मक्याचा स्टार्च, मसाला ४% (साखर, मीठ, तिखट, कांदा पावडर, आमचूर, आम्लता नियामक ३३०), मीठ, हळद. मी भर बैठकीत जाहीर केलं, "काका, साखर चौथ्या-पाचव्या नंबरवर आहे! मिठाच्याही आधी! हे तर गोड खाणं झालं." काकूंनी लगेच शेव उचलली. काका माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी त्यांचा सात-बारा चोरला आहे. शिवाय ३३० हा आकडा मी इतक्या गंभीरपणे वाचला की काकूंना ते विषच वाटलं. ते निव्वळ सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच.

फोनवर मामींना ही कामगिरी सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कंस दिसला नाही का तुला?"

दिसला होता. पण मला वाटलं होतं कंस म्हणजे आपला कंस. तो खरं तर घरातलं घर असतो. मसाला हा एक मिश्र घटक, तो सगळा मिळून चार टक्के. त्याच्या कंसातली मंडळी आपसात उतरत्या क्रमानं उभी असतात. बाहेरच्यांशी त्यांची तुलना करायची नसते. साखर त्या चार ग्रॅमांतली थोरली, एवढंच. सहा जणांत चार ग्रॅम वाटायचे, तर थोरलीच्या वाट्याला दोन-तृतीयांश ग्रॅमच्या खाली येणार नाही आणि चारच्या वर जाणार नाही. चौकटीत वरून घातलेली साखर १.२ ग्रॅम छापलेली होती, ती मी वाचलीच नव्हती. "आणि मीठ दोनदा लिहिलंय, एकदा कंसात, एकदा बाहेर," मामी म्हणाल्या. "दोन्ही मिळवायचं. तू मोजलंस एकदाच. काकांना रक्तदाब आहे ना? मग साखरेवरून कशाला बोललास?"

खरंच, सोडियमच्या आकड्यावरून बोलायला हवं होतं. पण शेव तोवर काकूंनी कामवाल्या बाईंना देऊन टाकली होती आणि काकांनी माझ्याशी बोलणं.

हार मानणारा मी नव्हे. दिवाळीच्या आधी मामींकडे गेलो तेव्हा त्यांच्याच चकलीचं पाकीट उलटं केलं. भाजणी, खाद्य तेल, तीळ, मीठ, तिखट, ओवा, हळद, हिंग. मला हवं ते सापडलं. "मामी, पाणी कुठाय? भाजणी भिजवायला एवढं पाणी घालता, वजनाला तेलाहून जास्त भरेल. आणि यादीत नावच नाही!"

"ते कढईत उडून जातं. उडून गेलेलं लिहावं लागत नाही," मामी म्हणाल्या. "चकलीत पाणी राहिलं तर ती मऊ पडेल, गिऱ्हाईक परत आणून देईल."

"मग तेलाचं काय? कढईत घातलं तेवढं सगळं लिहायचं का?"

"चकलीनं प्यायलं तेवढं. तळायच्या आधी तेलाचं वजन, तळून झाल्यावर उरलेल्याचं वजन, वजाबाकी. शिवाय मोहन." आणि मग माझ्याकडे बघून, "या वेळी भाजणी बदलली आहे. नवा हिशेब करायचाय. तुला हौस आहे, तूच कर."

भाजणी दोन किलो. मी काटा घेतला, वही उघडली, कढईतलं तेल मोजलं. मामींनी सोऱ्या फिरवला, चकल्या पडल्या, तळल्या, निथळल्या. शेवटी तेल निवल्यावर गाळून डब्यात ओतलं आणि डब्याचं वजन वजा करायला मी विसरलो नाही, इतका मी आता मुरलो होतो. वजाबाकी केली. आकडा पाहून मलाही जरा आश्चर्य वाटलं, पण आकड्यापुढे माणसानं नम्र असावं. पाकिटासाठी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: खाद्य तेल २ किलो ७०० ग्रॅम, भाजणी २ किलो, तीळ, मीठ.

मामींनी कागद वाचला. एक चकली मोडून बोटांत दाबून पाहिली. बोटं कोरडी होती. मग वही मागितली.

"आधीचं वजन कढईसकट केलंस?"

"हो. म्हणजे तेल कढईतच होतं ना."

"आणि नंतरचं डब्यात, कढईविना." त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "मग लोखंड पण लिही यादीत. कढई दोन किलोची आहे. भाजणीच्या शेजारी बसव."