भरल्या गल्ल्यानिशी हप्ता थकवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

धंदा बसलेला असताना हप्ता कोणीही थकवील, त्यात कौशल्य काही नाही. दुकानात गिऱ्हाईक उभे, गल्ल्यात नोटा, आणि तरी हप्त्याच्या तारखेला बँकेतले खाते कोरडे, हे साधायला मात्र पद्धत लागते. ती समजून घेण्यासाठी तालुक्याच्या गावातले एक किराणा दुकान डोळ्यांसमोर आणावे. विक्री दिवसाला 15 हजार, महिन्यातले 26 दिवस दुकान उघडे, म्हणजे महिन्याची विक्री 3 लाख 90 हजार. दिवाळीच्या तोंडावर माल भरायला मालकाने मुद्रा योजनेतून 3 लाख उचलले. (50 हजारांच्या वर आणि 5 लाखांपर्यंत म्हणजे ‘किशोर’ गट. नाव मोठे समर्पक आहे, हिशेबही त्याच वयाचा केला जातो.) व्याज वर्षाला 12 टक्के, मुदत 24 महिने, हप्ता 14,122 रुपये. आता पद्धतीची पहिली पायरी: हा आकडा गल्ल्याशेजारी ठेवून बघावा. गल्ला 15 हजार, हप्ता 14 हजार. एका दिवसाच्या विक्रीत हप्ता सुटला, उरलेले 25 दिवस आपले! इतके समाधान झाले की कागद-पेन्सिल परत खणात टाकावी आणि महिनाभर बाहेर काढू नये.

कागद बाहेर काढला तर घोटाळा होतो, म्हणूनच हा इशारा. गल्ल्यात आलेल्या शंभर रुपयांतले 88 होलसेलवाल्याचे असतात. ते आपल्या खणात मुक्कामाला आलेले असतात इतकेच. घट, नासाडी आणि कर वजा जाऊन शंभराच्या विक्रीमागे 12 रुपये सुटतात असे धरू. किराण्यात हे काही वाईट प्रमाण नाही. 3 लाख 90 हजारांवर सुटले 46,800. त्यातून भाडे, फ्रीजसकट वीजबिल, कामावरच्या मुलाचा पगार आणि हमाली-पिशव्या मिळून 22 हजार गेले. घरखर्चाला 20 हजार गेले. (दुकानातून घरी जाणारी साखर आणि चहापत्ती फुकट असते, असे ज्यांना वाटते त्यांचा घरखर्च नेहमीच कमी निघतो.) उरले 4,800, आणि हप्ता आहे 14,122. म्हणजे महिन्याला 9,322 रुपयांचा खड्डा, तोही धंदा उत्तम चाललेला असताना. हा खड्डा लगेच दिसत नाही, कारण गल्ल्यात होलसेलवाल्याचे 88 रुपये पडलेले असतात. पहिले दोन-तीन हप्ते त्यातून बिनबोभाट जातात, आणि पद्धत यशस्वी झाली ती इथेच.

ज्यांना पद्धत बिघडवायचीच आहे त्यांनी उलटीकडून सुरुवात करावी. खर्च 22 हजार, घर 20 हजार, हप्ता 14,122 आणि महिनाअखेर हाताशी उरावेत असे 6 हजार. बेरीज 62,122. ही सगळी रक्कम शंभरातल्या त्या 12 रुपयांतूनच यायची, म्हणून 62,122 ला 0.12 ने भागायचे. विक्री लागते 5 लाख 17 हजार 683, म्हणजे दिवसाला सुमारे 19,900. आधीच्या 15 हजारांवर जवळजवळ पाच हजारांची चढ. नुसता हप्ता भागायलाच 1 लाख 17 हजार 683 रुपयांची विक्री लागते. बँकेच्या कागदावर हप्ता 14 हजारांचा असतो, पण दुकानदाराला तो पडतो सव्वा लाखाच्या आसपास. कर्ज घेण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच की नव्या मालाने विक्री दरमहा इतकी वाढेल का. पद्धत पाळणारे हा प्रश्न कर्ज घेतल्यानंतर विचारतात, तोही ज्योतिषाला.

भागाकार करूनही फसण्याची सोय आहे, निराश होऊ नये. नफ्याचा टक्का खरेदीवर काढावा. शंभरला आणले, एकशेबाराला विकले, झाले की 12 टक्के! पण गल्ल्यात येतात ते 112, आणि त्यातले 12 म्हणजे विक्रीवर 10.7 टक्के. मग लागणारी विक्री 5 लाख 18 हजार राहत नाही, 5 लाख 80 हजारांवर जाते. कुठे काहीही न चुकता महिन्याला 62 हजारांची विक्री कमी पडते आणि कारण सापडत नाही. सापडत नाही म्हणून ते समोरच्या नव्या सुपरमार्केटवर ढकलता येते, हा या चुकीचा आणखी एक फायदा.

इथे अनुभवी व्यापारी हरकत घेईल आणि तिचा मान ठेवला पाहिजे. तो म्हणेल, कर्ज मालात गुंतलेले आहे. माल विकला की मुद्दल आपोआप मोकळी होते, नफ्यातून द्यायचे ते फक्त व्याज. हे खोटे नाही. 24 हप्त्यांत बँकेत 3,38,928 रुपये जातात, त्यातले व्याज 38,928 रुपयेच. पहिल्या महिन्याचे व्याज 3 हजार, आणि ते सुटायला वाढीव विक्री लागते अवघी 25 हजारांची. मग सव्वा लाख खरे की 25 हजार? उत्तर मांडणीवर बघायचे. विकल्या गेलेल्या मालाच्या जागी पुन्हा माल भरला नाही, आलेला पैसा थेट कर्जात टाकला, तर 25 हजार खरे. कर्ज फिटेल तशी मांडणी आधीच्याइतकी रिकामी होईल आणि त्यात गैर काही नाही. पण मांडणी भरलेली ठेवायची तर मोकळी झालेली मुद्दल पुन्हा होलसेलवाल्याकडे जाते, आणि हप्त्यातली मुद्दल नफ्यातूनच काढावी लागते. तेव्हा सव्वा लाखाचा आकडा खरा. एकच रुपया बँकेलाही द्यायचा आणि त्याच रुपयाने साखरेचे पोतेही आणायचे, हे पद्धतीचे मर्मस्थान आहे. ज्यांचा धंदा अडकतो त्यातले बरेच याच ठिकाणी अडकतात. त्यांचा भागाकार चुकत नाही, तोच पैसा दोनदा मोजला जातो.

यातून कर्जाची मुदत कशी निवडावी हेही निघते. दिवाळीचा माल दिवाळीतच विकला जातो. काजू-बदाम आणि उटण्याची पाकिटे फेब्रुवारीत कोणी मागत नाही. असल्या मालासाठी 24 महिन्यांचे कर्ज घेतले तर विक्रीचा पैसा नोव्हेंबरात हातात येतो, आणि बँक तो तेव्हाच मागत नसल्याने भलत्या मालात जिरतो. पुढचे दोन उन्हाळे मग संपलेल्या काजूंचे हप्ते भरावे लागतात. हंगामी मालाला कॅश क्रेडिटची मर्यादा बरी. उचलले तेवढ्यावरच व्याज, विक्री झाली की पैसे परत भरता येतात, मात्र शिल्लक मालाचे पत्रक बँकेला द्यावे लागते. वर्षभर खपणाऱ्या मालाला हप्त्याचे कर्ज चालते, पण एका कसोटीवर. 3 लाखांचा माल एकदा पूर्ण विकला गेला की नफा सुटतो सुमारे 40,900, म्हणजे तीन हप्ते जेमतेम भरत नाहीत. त्यामुळे हा माल तीन महिन्यांच्या आतच संपून पुन्हा भरला गेला पाहिजे. याची परीक्षा सोपी आहे. कर्जाच्या मालाच्या खोक्यांवर आल्याची तारीख टाकावी. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी त्या तारखेची खोकी हललेली नसतील, तर हप्ता जुना धंदा भरतो आहे आणि नवा माल जागा अडवून बसला आहे. पद्धत पाळणाऱ्यांनी अर्थातच तारीख टाकू नये.

दुसरी हरकत उत्साही माणसाची: विक्री वाढवणे काय अवघड आहे? साखर आणि तेलाचे भाव थोडे पाडले की दुकानापुढे झुंबड. झुंबड होते, गल्लाही फुगतो, आणि ठरलेले 5 लाख 18 हजार गाठल्याचा आनंदही होतो. पण 12 टक्के ही सगळ्या मालाची सरासरी होती. साखर-तेलावर समजा 4 टक्केच सुटतात. मग वाढलेल्या 1 लाख 28 हजारांतून हाती आले 5,100. त्यांच्यावरच हप्ता भागवायचा तर वाढीव विक्री साडेतीन लाखांहून जास्त हवी. एमआरपीच्या मालावर भाव चढवता येत नाही, म्हणून हात चालवायला जागा उरते ती सुट्या मालात. निवडलेले धान्य, कांडलेला मसाला, दुकानातच बांधलेली डाळ. साखरेला आलेल्या गिऱ्हाइकाने यातले काही नेले तरच साखर स्वस्त देण्यात अर्थ. म्हणून विक्रीच्या आकड्याशेजारी, त्यातला किती भाग सुट्या मालाचा हेही आठवड्याला लिहिले पाहिजे. नुसता आकडा गाठणे ही पद्धतीचीच वरची पायरी आहे.

उधारीवर फार बोलण्याची गरज नाही. जुनी उधारी तेवढीच राहिली तर हिशेब बिघडत नाही, बिघडतो तो वाढीमुळे. ठरलेली विक्री झाली, पण महिन्यात वही 15 हजारांनी फुगली, की उरवायचे म्हटलेले 6 हजार गेले आणि हप्त्यातले 9 हजारही गेले. विक्री कागदावर पूर्ण आणि खिसा अपुरा. इथे गिऱ्हाईक तोडायचे का, असे विचारणाऱ्याला उत्तर असे की तोडायचे नाही, वहीला कमाल मर्यादा घालायची आणि नवी उधारी जुनी आल्यावर द्यायची. शेतकरी गिऱ्हाइकाचा पैसा हंगामावर येणार हे ठाऊक असेल, तर तेवढी रक्कम कर्ज काढतानाच बाजूला ठेवायची. अशा वेळी 3 लाख म्हणजे 3 लाखांचा माल, असे धरता येत नाही.

इतके सगळे सांभाळूनही हप्ता चुकत नसेल, तर निष्ठावंतांसाठी शेवटची पायरी राखून ठेवली आहे. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की बँक खाते अनुत्पादक ठरवते. ती वेळ येऊ नये म्हणून बाजारात फिरणाऱ्या खाजगी वसुलीवाल्याकडून हप्त्यापुरते पैसे घ्यावेत. 10 हजार म्हणायचे, 9 हजार हातात द्यायचे आणि रोज 100 प्रमाणे 100 दिवस वसूल करायचे, अशी त्याची साधी पद्धत. ऐकायला दहा टक्के, पण रोजची परतफेड धरून वर्षाचा दर सुमारे 77 टक्के पडतो. 14,122 हाती यायला सुमारे 15,700 लिहून द्यावे लागतील. रोजचे जाणारे 157 रुपये 12 टक्क्यांतून काढायचे तर विक्री आणखी 1,300 ने वाढली पाहिजे, आणि वसुलीवाला आठवड्याच्या सुट्टीलाही येतो. दिवसाचे 19,900 जमत नव्हते, आता 21,200 जमवायचे आहेत. पुढच्या महिन्याच्या हप्त्यासाठी तोच माणूस पुन्हा उपलब्ध असतो.