शेजाऱ्यांस सविनय

देवस्थानाच्या पत्राची एक ठरलेली भाषा असते. ‘सालाबादप्रमाणे याही वर्षी’ असं सुरू व्हायचं आणि ‘तन, मन, धनाने सहकार्य करावे’ असं संपायचं. मधे तिथी, वार, महाप्रसादाची वेळ. गेली कैक वर्षं आमच्या पेठेतल्या विठ्ठल मंदिराचा चिटणीस म्हणून मी अशी पत्रं डोळे मिटून लिहितो. पण यंदा मंडळींनी सांगितलं, “भोंग्याबद्दल शेजाऱ्यांना पत्र लिहा.” सालाबादप्रमाणे याही वर्षी आपणांस त्रास होणार आहे, असं काही लिहिता येईना.

तक्रार आली होती वहीच्या फाटक्या पानावर, आणि करणारे गृहस्थ एकादशीला न चुकता तुळशीचा हार आणणारे. मंदिरासमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. ‘नास्तिक असेल’ हे पहिलं उत्तर त्यामुळे बैठकीत कुणालाच देता येईना. दुसरं उत्तर मात्र लगेच आलं, “आपल्यालाच का सांगतात?” आमच्यात एक वकील आहेत. ते म्हणाले, की सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली याच विषयावर जो निकाल दिला, तो चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात दिला. ध्वनिवर्धकाने दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा, असं कोणताही धर्म सांगत नाही, असा त्याचा आशय. बैठक जरा वेळ गप्प झाली. मग खजिनदार म्हणाले, “पण त्या चौकातले लोक तर म्हणतात, पहाटे अभंग ऐकून प्रसन्न वाटतं!”

हेही खरंच होतं. दोन माणसं एकाच भोंग्याबद्दल इतकं उलट बोलतात, तर दोघांपैकी कुणीतरी बनाव करत असेल, असा समितीचा कल. मला वाटलं, आधी जाऊन ऐकावं. काकडआरतीचे दिवस होते. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर आमच्याकडे पहाटे पाचला आरती असते. त्या गृहस्थांच्या गॅलरीत मी मोबाईलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप उघडून उभा राहिलो. त्या आकड्याला कोर्टात काडीची किंमत नाही, फोनाफोनात फरक पडतो. पण एकाच फोनने दोन जागा ताडून पाहायला तो पुरतो. गॅलरीत 82 डेसिबल. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 ही मर्यादा; आणि कायद्याची रात्र सकाळी सहालाच संपते.

समोर पाहिलं तर कर्णा थेट माझ्या तोंडासमोर. तो देवळाच्या शिखराशेजारी लोखंडी नळीवर बसवला, तेव्हा भोवताली सगळे बैठे वाडे होते. आवाज कौलांवरून निघून जायचा. पुढे वाडे पडले, इमारती उठल्या आणि कर्ण्याच्या रेषेत नेमकी दुसऱ्या मजल्याची झोपायची खोली आली. देऊळ जागचं हललं नाही, कर्णाही नाही. शेजारच तेवढं त्याच्या उंचीला आलं.

आता चौकाचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. गॅलरी कर्ण्यापासून आठेक मीटरवर. सोळा मीटरवर 76, बत्तीसवर 70 आणि चौसष्ट मीटरवरच्या चौकात 64. मधल्या भिंतींनी हिशेब थोडा इकडेतिकडे होतो, पण दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो, हे धरलं तर चौकातल्यापेक्षा तिप्पटीहून मोठा अभंग हे गृहस्थ अंथरुणात ऐकत होते. चौकातले प्रसन्न, हे त्रस्त. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

सगळ्यात मौज खाली सभामंडपात होती. कर्ण्याचा आवाज तोंडाच्या दिशेने जातो, मागे फार थोडा उरतो. आमचा आवाज-यंत्र सांभाळणारा पोरगा बसतो कर्ण्याच्या मागे आणि खाली. त्याला वाटतं, काहीच ऐकू येत नाही. तो बटण पिळतो. म्हातारे भजनकरी म्हणतात, “अजून वाढव रे.” तो अजून पिळतो. मंडपातल्या पंधरा माणसांना ऐकू यावं म्हणून सगळी पेठ जागी होत होती, आणि त्या पंधरांना तरीही नीट ऐकू येत नव्हतं. गाभाऱ्यातल्या देवाचं काय, हे सांगता येत नाही. त्याचे दोन्ही हात कमरेवर. कान झाकायचे म्हटले तरी झाकायचे कशाने?

आणखी एक गोष्ट उघड झाली, ती पुजाऱ्यांना फारशी आवडली नाही. पावणेपाचला ते पेनड्राइव्ह लावून आंघोळीला जात. त्या पाव तासात मंदिरात चिटपाखरू नसे. तक्रारीतला निम्मा काळ या ओसाड भक्तीचा होता.

मग पत्र लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात ‘भाविकांच्या भावना’ तीनदा आल्या आणि भोंगा एकदाही नाही. तो फाडला. शेवटी गेलं ते असं:

“सप्रेम नमस्कार. शिखराजवळचा कर्णा उतरवला आहे. त्याऐवजी सभामंडपात खांबांना चार लहान स्पीकर बसवले असून ते आतल्या बाजूला वळवले आहेत. यंत्राच्या बटणावर तांबड्या रंगाची खूण केली आहे. त्यापुढे ते फिरवायचे नाही. पहाटे सहापूर्वी ध्वनिवर्धक लागणार नाही. काकडआरती टाळ, मृदंग आणि गळा यांवर होईल. कुणी नसताना ध्वनिमुद्रित भजने लावणे बंद केले आहे. रात्री दहाला आवाज थांबेल. शासन वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते. त्यांपैकी जे दिवस आपल्या सप्ताहात येतील, त्यांची रीतसर परवानगी काढून तारखा आधी फळ्यावर लावू. खूण ओलांडलेली वाटल्यास चिटणिसांना फोन करावा, अपरात्री असला तरी.”

शेवटच्या तीन शब्दांना माझ्या घरातून विरोध झाला. सहाच्या अटीला भजनी मंडळाचा. सभामंडप आपलाच, छप्पर आहे, मग आतल्या आत लावला तर काय, असं त्यांचं म्हणणं. वकिलांनी समजावलं, की सूट आहे ती बंद सभागृहाला. आपला मंडप तीन बाजूंनी उघडा, इथे कबुतरंसुद्धा परवानगी न काढता येतात. अध्यक्षांना पत्रात एक ओळ आणखी हवी होती, ‘आपल्याकडील हळदीच्या डीजेबाबतही हाच विचार व्हावा’. मुद्दा चोख होता, पण विनंतीच्या पत्रात उसनवारी मागू नये म्हणून मी ती खोडली. अध्यक्षांनी पत्रं स्वतः घरोघर वाटली आणि ती ओळ प्रत्येक दारात तोंडी सांगितली.

कर्णा गेल्यावर मंडपात पहिल्यांदा मृदंगाची दोन्ही तोंडं वेगवेगळी ऐकू आली. दोन भजनकऱ्यांचा सूर एकमेकांशी जुळत नाही, हेही पहिल्यांदाच ऐकू आलं. त्यावर आता वेगळी बैठक आहे. चौकातले लोक मात्र नाराज आहेत. त्यांचं पहाटेचं प्रसन्न वाटणं आम्ही बंद केलं, असं त्यांचं लेखी निवेदन आलंय. आरतीला यावं, असं उत्तर दिलं. अजून तरी कुणी आलेलं नाही.

दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ येतात. पण भोंगा नसल्यामुळे त्यांना जागच येत नाही, आणि दोनदा आरती चुकली. आता पुजारी पावणेपाचला त्यांना मिस्ड कॉल देतात. दोन दिले की ते रागावतात.