तालुक्यात प्रथम, अंदाजे

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागला आणि सव्वा वाजता फ्लेक्सवाल्याचा फोन आला. "सर, डिझाइन रेडी आहे. फक्त पोरांची डोकी बसवायचीत."

डिझाइन म्हणजे गेल्या वर्षीचंच. मागे सूर्योदय, खाली कमळ, मधोमध माझा फोटो (हा लग्नाच्या अल्बममधला, त्यामुळे कपाळावर मुंडावळ्यांची पुसट खूण अजून दिसते) आणि वर लाल ठसठशीत अक्षरांत 'तालुक्यात प्रथम! १०० टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा!'

"तालुक्यात प्रथम कोण आलंय?" मी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. बाकी दोन क्लासची ऑर्डर आलीय. तेपण तालुक्यात प्रथमच आहेत."

राज्य मंडळाने गुणवत्ता यादी काढणं कधीच बंद केलंय. शाळेला आपला पहिला कोण ते कळतं. तालुक्याचा पहिला कोण, हे मात्र फक्त फ्लेक्सवाल्याला ठाऊक असतं, आणि त्याच्याकडे दरवर्षी तीन-चार तरी असतात. मीही सहा वर्षं त्यातला एक होतो. या वर्षी झालं असं, की मी फोन ठेवतो न ठेवतो तोच एका आईचा फोन आला. मी उत्साहात म्हणालो, "अभिनंदन ताई, पंच्याऐंशी टक्के!" पलीकडे शांतता. मग, "सर, आमची साइट अजून उघडली नाही. तुम्हाला आमच्या आधी कसं कळलं?"

कसं कळणार? निकाल बघायला दोनच गोष्टी लागतात, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. दोन्ही माझ्या रजिस्टरमध्ये सगळ्या ४१ मुलांपुढे लिहिलेली. एकच्या ठोक्याला मी आणि बायको दोन मोबाइल घेऊन बसतो आणि मुलांच्या आधी मुलांचे निकाल बघून टाकतो. याला मी आजवर तळमळ म्हणत होतो. त्या ताईंच्या स्वरात त्याला दुसरं काहीतरी नाव होतं.

वर गेल्या वर्षी मी पहिल्या मुलाची ऑनलाइन गुणपत्रिका जशीच्या तशी क्लासच्या ग्रुपवर टाकली होती. तिच्यावर बैठक क्रमांक असतो आणि आईचं नावही. म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटात. एका शाळेचे क्रमांक ओळीने असतात, त्यामुळे पुढचा-मागचा आकडा घालून बघायला काय लागतं? आणि कुणाच्या आईचं नाव काय, हे आमच्या गावात भिशीतल्या प्रत्येक बाईला पाठ आहे.

तेव्हा या वेळी फ्लेक्स खरा करायचा, असं बायकोने जाहीर केलं. खरं लिहिणं सोपं असेल, असा माझा समज होता.

आमची पहिली आलेली मुलगी घ्या. ९६.४० टक्के. सहा विषयांपैकी चांगले पाच धरून तिचे पाचशेपैकी ४७५, म्हणजे ९५ टक्के. त्यावर इंटरमिजिएट चित्रकलेच्या अ श्रेणीचे ७ गुण. झाले ४८२, म्हणजे ९६.४०. मी गणित आणि विज्ञान शिकवतो. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि सामाजिक शास्त्र तिने स्वतःच्या हिमतीवर काढलं, आणि वरचे ७ गुण तिच्या चित्रकलेच्या सरांचे. फ्लेक्सवर ९६.४० छापायचे तर माझ्याशेजारी त्या सरांचाही फोटो हवा. सर दाढी ठेवतात, कमळावर शोभले नसते.

मग फक्त गणिताचे ९८ लिहू, म्हटलं. बायको म्हणाली, "त्यातले वीस शाळेने अंतर्गत मूल्यमापनाचे दिलेत ना?" दिलेत. म्हणजे माझी सगळी पुण्याई ऐंशी गुणांत. तरी ९८ गणिताचेच आहेत, आणि गणित मी शिकवतो, एवढं विधान कोर्टातही टिकलं असतं.

खरी पंचाईत '१०० टक्के निकाल' या ओळीची झाली. ४१ पैकी एक मुलगा इंग्रजीत राहिला. मी बाणेदारपणे लिहिलं, '४१ पैकी ४० उत्तीर्ण.' लिहून चष्मा पुसला. प्रामाणिकपणाने डोळे भरून आले होते.

"आणि तो एक कोण, हे चौकात कुणाला कळणार नाही?" बायकोने विचारलं.

ऐन चौकातल्या फ्लेक्सवर चाळीस म्हटलं, की गाव एक्केचाळिसावा शोधायला निघणार. पारावरची मंडळी संध्याकाळपर्यंत त्याचं नाव, बापाचं नाव आणि नापास होण्याची तीन कारणं काढून मोकळी. मोठ्या शहरात चारशे मुलांच्या क्लासमधला एक नापास गर्दीत मिसळून जातो. आमच्याकडे एक म्हणजे अमुकच. म्हणजे थाप मारली तर खोटा, आणि खरं लिहिलं तर पोराच्या गळ्यात पाटी.

रात्री अकराला वाट सापडली. मी इंग्रजी शिकवतच नाही! तेव्हा, 'गणित व विज्ञान: ४१ विद्यार्थी, ४१ उत्तीर्ण.' अक्षरन् अक्षर खरं, जे शिकवतो तेवढ्यापुरतं, आणि तो मुलगाही त्या ४१ मध्ये मानाने उभा. त्याला विज्ञानात ५४ आहेत, स्वतःच्या मेहनतीचे.

आता राहिली नावं आणि फोटो. माझ्या प्रवेशअर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आहे, 'पाल्याचा फोटो प्रसिद्ध करण्यास हरकत नाही.' जूनमध्ये फी भरताना तिच्यावर सगळे सही करतात, कुणी वाचत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी सूचना काढल्या. त्यांत ही संमती लेखी आणि यश मिळाल्यानंतर घेतलेली हवी, असं आहे. मी मोठ्या आशेने पुढे वाचलं: सूचना पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासना लागू. "आपण ४१! सुटलो!"

"म्हणजे एक्कावन्नावा येईपर्यंत विचारायचं नाही?" बायको.

दुसऱ्या दिवशी कोरे कागद घेऊन घरोघर गेलो. मुलं अठराच्या आतली, म्हणून सही पालकांची, पण पहिल्या आलेल्या मुलीच्या घरी मी तिलाही विचारलं. तिचे वडील म्हणाले, "फोटो मोठा टाका, टक्केपण टाका." आई म्हणाली, "चौकात फोटो नको. तिथं दिवसभर कोण कोण बसतं, सर." मुलगी पेढा खात म्हणाली, "नाव आणि गणिताचे ९८ टाका. बाकी नको, हिंदीत कमी आहेत." वडिलांनी मुकाट्याने तिचं म्हणणं लिहून सही केली. एका मुलाने नाव नाकारलं. एकाने विचारलं, फक्त आडनाव चालेल का? त्या आडनावाची गावात चाळीस घरं आहेत, म्हणून आनंदाने चालवलं.

एक मोह मात्र मीच सोडला. नव्वदच्या वरच्या सगळ्यांची यादी द्यायची होती. पण यादी लागली की जो यादीत नाही त्याचाही निकाल लागतो.

मजकूर फ्लेक्सवाल्याला पाठवला. ना 'प्रथम', ना 'परंपरा', ना एकही उद्गारचिन्ह. त्याचा लगेच फोन. "सर, क्लास विकताय का?"

"नाही. एवढंच छाप."

"दहा बाय आठच्या फ्लेक्सला मजकूर पुरत नाही हो. निम्मी जागा रिकामी राहतेय."

"राहू दे."

सकाळी चौकात गेलो. जागा रिकामी राहिली नव्हती. मुलांच्या फोटोंची सगळी जागा त्याने माझ्या फोटोला दिली होती. मुंडावळ्यांची खूण आता एसटी स्टँडवरून दिसत होती. माझी लेखी संमती कुणी घेतली नव्हती.