तीन महिन्यांची बढती

महाराष्ट्र सरकारचा कर्मचारी निलंबित झाला की त्याचं काम पूर्ण थांबतं, पगार मात्र अर्धाच थांबतो. १९८१च्या नियमांतल्या नियम ६८नुसार त्याला अर्धवेतनी रजेइतका निर्वाह भत्ता मिळतो. मूळ पगार ४०,००० असेल तर हातात २०,००० आणि त्यावरचा महागाई भत्ता. महागाईला निलंबनाची नोटीस पोचत नाही, हे सरकारलाही मान्य आहे.

अट एकच. दुसरीकडे कुठे नोकरी-धंदा करत नाही, असं प्रमाणपत्र द्यायचं. काहीच करत नसल्याचं लेखी देऊन पैसे घ्यायचे. एरवी हे न लिहिता चालतं.

खरी गंमत तीन महिन्यांनंतर. चौकशीमुळे निलंबन लांबलं आणि दोष कर्मचाऱ्याचा नसेल, तर भत्त्यात त्याच्या निम्म्यापर्यंत वाढ करता येते. म्हणजे २०,००० चे ३०,०००, पगाराचे बारा आणे. उशीर त्याच्यामुळे झाला असेल, तर निम्म्यापर्यंत कपात: उरले १०,०००, चार आणे. म्हणून शहाणा माणूस चौकशीच्या प्रत्येक तारखेला वेळेवर हजर राहतो. नोकरीत असताना ही सवय लागली असती तर!

पण ही वाढ आपोआप होत नाही. सक्षम अधिकाऱ्याने आढावा घेऊन तसा आदेश काढावा लागतो. म्हणजे, उशिराची भरपाई मिळावी म्हणून सादर झालेली फाईल त्याच टेबलावर जाऊन बसते, जिथे मूळ चौकशीची फाईल आधीपासून विसावलेली असते.