अंगठ्याएवढा सर्प

मुखपृष्ठाची निवड प्रकाशकाच्या टेबलावर होते आणि तीही मोठ्या पडद्यावर. वाचक मात्र ते मोबाइलवर टपाल तिकिटाएवढं पाहतो. ‘सर्पदंश’ नावाची एक काल्पनिक रहस्यकथा घ्या. समोर तीन चित्रं आहेत. पहिल्यात सूर्यास्त आणि एकाकी झाड. सगळ्यांना हेच आवडतं, कारण ते ‘साहित्यिक’ दिसतं. खून शोधणाऱ्या वाचकाला मात्र तो कवितासंग्रह वाटतो. दुसऱ्यात नागाचा खवलान्‌खवला रेखलेला, वर नाजूक सुलेखनात नाव. तिसऱ्यात काळा दरवाजा आणि ठसठशीत पिवळी अक्षरं. याला ‘बटबटीत’ म्हणून नाकं मुरडली जातात.

आता यातलं प्रत्येक १६०० पिक्सेल रुंदीचं चित्र १०० वर आणा. सगळं सोळापट आक्रसतं. १६० पिक्सेल उंचीचं अक्षर दहावर येतं आणि मात्रा, रफार, अनुस्वार यांनी त्यातच दाटीवाटीने राहायचं. नाजूक रफार शिरोरेषेत विरघळतो, अनुस्वार उडतो आणि नाव उरतं ‘सपदश’. नागाची दोरी होते, वेदान्ती खूश! दरवाजावरचं नाव तेवढं वाचता येतं.

‘आमचं पुस्तक दुकानात हाताळून घेतात,’ हा आक्षेप खरा आहे. पण तिथेही कपाटात बहुधा कणाच दिसतो, सूर्यास्त नव्हे. ‘मग सगळीच रहस्यकथांची मुखपृष्ठं सारखी दिसतील,’ ही भीती अधिक रास्त. म्हणून दरवाजा नेहमीचा असला, तरी पिवळा रंग शेजारच्या लाल-काळ्या गर्दीत ठेवूनच तपासावा. लेखकाच्या मेहुण्याने काढलेलं चित्र मात्र कुठल्याही आकारात निवडलं जातं.