बारा लाखांचे पॅकेज वाचण्याचा शास्त्रोक्त विधी

ऑफर लेटर हातात पडताच प्रथम करावयाचे कृत्य म्हणजे काहीही न करणे. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘सीटीसी 12,00,000’ असे छापलेले असते. त्याला मनातल्या मनात बाराने भागून दरमहा लाख काढण्याची ऊर्मी दाबून धरावी. मामांना फोन तर मुळीच करू नये, कारण मामा तो आकडा संध्याकाळपर्यंत लग्न जमवणाऱ्या मंडळींच्या वहीत नोंदवून टाकतात.

खरे पत्र शेवटच्या पानावर असते. त्याला ॲनेक्शर म्हणतात आणि त्याचा फाँट पहिल्या पानाच्या निम्मा असतो. तिथे सीटीसीचा अर्थ कळतो: तुमच्यापायी कंपनीला वर्षाकाठी येणारा खर्च. तुम्हाला मिळणारा पगार ही वेगळी गोष्ट आहे.

आता पेन्सिल घ्यावी. समजा, व्हेरिएबल 1,80,000 आहे. ते बाजूला काढले की उरले 10,20,000. बेसिक सीटीसीच्या निम्मे, म्हणजे वर्षाला 6 लाख, महिन्याला 50,000. त्यावर 12 टक्के दराने कंपनीचा पीएफचा वाटा महिना 6,000, वर्षाला 72,000. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे 28,800च्या आसपास. आरोग्य विम्याचा हप्ता 19,200 धरू. असे एकूण 1,20,000 रुपये सीटीसीत तुमच्या नावावर मिरवतात, पण बँक खात्याकडे फिरकत नाहीत. ग्रॅच्युइटीचे तर विशेष कौतुक: कायम नोकरीत साधारण पाच वर्षे टिकलात तरच ती मिळते. तीन वर्षांनी उडी मारायचा बेत असेल तर ती रक्कम आपल्या पॅकेजमधून आत्ताच खोडावी.

उरले 9 लाख, महिना 75,000. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 6,000 आणि महाराष्ट्रात असाल तर व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300) जातो. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही, एवढीच सरकारची कृपा. हातात पडतात 68,800. उरलेल्या 31,200 रुपयांबद्दल मामांना काय सांगायचे, ते ज्याने त्याने ठरवावे.

बेसिक सोडून बाकीचे 25,000 घरभाडे भत्ता, विशेष भत्ता अशा नावांनी विभागलेले दिसतील. नव्या करप्रणालीत घरभाड्याची सूट नाही, त्यामुळे तुमच्या दृष्टीने ही केवळ नावे आहेत. त्यांवर रात्र जागवू नये.

जागवायची असेल तर पीएफवर जागवावी. एचआरच्या मॅडमना नम्रपणे विचारावे, “पीएफ पूर्ण बेसिकवर कापता की 15,000च्या मर्यादेवर?” मर्यादेवर असेल तर दोन्ही बाजूंचा वाटा 1,800 होतो. कंपनीने स्वतःचे वाचलेले 4,200 विशेष भत्त्यात टाकले, तर त्याच बारा लाखांत हातात 77,200 येतात. (टाकले नाहीत, तर सीटीसीच्या बेरजेत ते गेले कुठे, हेही तितक्याच नम्रपणे विचारावे.) म्हणून दोन ऑफरी नुसत्या इन-हँडवर तोलणारा माणूस फसतो: 77,200 वाल्याच्या पीएफ खात्यात महिन्याला 3,600 जमतात, 68,800 वाल्याच्या 12,000. फरक बरोबर 8,400. कंपनीने एक पैही जास्त दिलेली नाही, फक्त खिसा बदलला.

राहिले व्हेरिएबल. मुलाखतीत “आमच्याकडे बहुतेकांना पूर्ण मिळतं” असे ऐकवतात. यावर हसून मान डोलवावी आणि सूत्र मागावे. पुष्कळ ठिकाणी कंपनीची कामगिरी आणि तुमचे रेटिंग यांचा गुणाकार असतो. कंपनी 80 टक्के, तुम्ही 90 टक्के, म्हणजे हाती 72 टक्के: 1,80,000 चे झाले 1,29,600. तुम्ही जिवाचे रान केले तरी वरचे 80 तुमच्या हातात नाहीत. दुसरी मेख तारखेची. वर्ष संपते मार्चमध्ये, पैसे येतात जूनमध्ये, आणि बारीक अक्षरांत अट असते की त्या दिवशी तुम्ही नोकरीत हवे आणि नोटीस पिरियडमध्ये नको. म्हणजे वर्षभर राबून मेमध्ये राजीनामा दिलात की शून्य. ही अट मला बेरकीपणाचीच वाटते, पण सही केल्यावर तिला अन्याय म्हणता येत नाही.

तेव्हा एक मेल लिहावा आणि त्यात चारच गोष्टी विचाराव्यात: दरमहा खात्यात नेमके किती येतील, पीएफ कशावर कापणार, गेल्या दोन वर्षांत व्हेरिएबल सरासरी किती टक्के वाटले आणि ते मिळण्याची अट काय. फोनवर गोड बोलून दिलेले उत्तर धरू नये. लेखी उत्तर येईपर्यंत जुन्या साहेबांकडे राजीनामा टाकू नका.